‘ठरलं’ म्हणजे नेमकं काय ठरलं?

“आमच्या ३४० जणांच्या कंपनीने पाच महिन्यांपूर्वी ७० जणांची एक कंपनी विकत घेतली. दोन्हीकडची माणसं एकत्र नांदवायचं काम एचआर प्रमुख म्हणून माझ्याकडे आलं. आम्ही साडेआठ ते साडेपाच, पंचिंग करणारे. ते अकराला येतात, रात्री आठपर्यंत असतात. आमच्याकडे टिपणावर तीन सह्या झाल्याशिवाय काही हलत नाही, त्यांच्याकडे उभ्या उभ्या ठरतं. त्यांच्या ७० जणांत ९ व्हाइस प्रेसिडेंट आहेत, आमच्या ३४० मध्ये ४. दोन कार्यशाळा घेतल्या, भिंतीवर मूल्यांची पोस्टरं लावली, फरक शून्य. त्यांचे सहा जण सोडून गेले, त्यात दोन वरिष्ठ. आमचे एमडी आता म्हणतात, पुढच्या तिमाहीच्या १ तारखेपासून वेळा आपल्या, पदं आपली, मंजुरीची पद्धत आपली, परिपत्रक काढा. काढू का?” — एक एचआर प्रमुख

नमस्कार,

परिपत्रक काढा, पण एमडींनी सांगितलेलं नको. तिन्ही गोष्टी एकाच कागदावर एकाच तारखेला लागू केल्या, तर त्या कागदाचा अर्थ ७० जण एकच लावतील: “आपण हरलो.” मग त्यातलं एखादं कलम त्यांच्या फायद्याचं असलं तरी कोणी वाचणार नाही.

शिवाय या तीन गोष्टी सारख्या वजनाच्या नाहीत. वेळा आणि पदं डोळ्यांना दिसतात, म्हणून भांडणं त्यांच्यावरून होतात. दुखणं मात्र बहुतेक वेळा निर्णयात असतं. सोडून गेलेल्या दोन वरिष्ठांना अजून फोन करता येण्यासारखा असेल तर करा. “का सोडलंत?” असं विचारू नका, त्यावर “चांगली संधी मिळाली” हेच उत्तर येतं. “तुम्ही आधी स्वतः घेत होतात आणि नंतर घेता येईना, असा शेवटचा निर्णय कोणता?” असं विचारा. माझा अंदाज आहे, दोघंही क्षणभर न थांबता सांगतील.

म्हणून आधी निर्णयाचं बघू.

तुमच्याकडे बैठकीच्या शेवटी कोणी “ठरलं” म्हणतं तेव्हा त्याचा अर्थ असतो, आता टिपण लिहायला घ्या. ते फिरेल, कोणी शंका काढेल, बैठकीत गप्प बसलेला माणूस समासात चार ओळी लिहील, आणि तिसरी सही झाली की खरं ठरलं. एकदा ठरलं की मग ते सहसा बदलत नाही. त्यांच्याकडे “ठरलं” म्हणजे दुपारपासून काम सुरू, आणि गुरुवारी चूक लक्षात आली तर शुक्रवारी दुसरं काही ठरवायला कोणाची हरकत नसते. आता एकाच बैठकीतून हे दोघे बाहेर पडले असं धरा. त्यांच्या माणसाने काम सुरू केलं, तुमच्या माणसाच्या मते अजून काहीच ठरलेलं नाही. तुमच्यांना वाटतं हे लोक परस्पर कारभार करतात, वर काल एक आणि आज एक बोलतात. त्यांना वाटतं समोर मान डोलावून मागून अडवणारी ही माणसं आहेत. दोघेही आपापल्या शब्दकोशाप्रमाणे प्रामाणिक असतात, आणि कार्यशाळेत हे कधीच वर येत नाही, कारण शब्द दोघांचा एकच असतो.

याला उपाय अगदी साधा, पण पहिले दोन महिने जाचक वाटणारा आहे. प्रत्येक संयुक्त बैठकीत प्रत्येक मुद्द्याच्या शेवटी तीनपैकी एक वाक्य मोठ्याने बोलायचं आणि तिथेच लिहायचं. “ठरलं, उद्यापासून काम सुरू.” किंवा, “मतं ऐकली; ठरवणार अमुक, गुरुवारपर्यंत.” किंवा, “सध्यापुरतं ठरलं, तीन आठवड्यांनी पुन्हा बघू.” दुसऱ्या वाक्यात एकाच माणसाचं नाव हवं. तिथे विभागाचं किंवा समितीचं नाव आलं की समजा, काही ठरलेलं नाही.

एवढ्याने गैरसमज कमी होतील. कोणी काय ठरवायचं हा प्रश्न मात्र उरतोच, आणि तो तत्त्वचर्चेने सुटत नाही. खरे निर्णय टेबलावर आणावे लागतात. काही वर्षांपूर्वी मी अशाच एका खरेदीनंतर दीड वर्ष दोन्ही कंपन्यांच्या मध्ये बसलो होतो. तिथलं एक प्रकरण सविस्तर सांगतो, कारण तुमच्याकडेही त्याचा भाऊबंद कुठेतरी असणार.

लहान कंपनीचा विक्रीप्रमुख ग्राहकाला १५ टक्क्यांपर्यंत सवलत फोनवर स्वतः द्यायचा. त्याच्या वर जायचं तर संस्थापकाला विचारायचा. विकत घेणाऱ्या कंपनीत ५ टक्क्यांच्या वर कुठलीही सवलत तीन सह्यांची होती आणि त्याला सरासरी सहा कामाचे दिवस लागत. पहिल्या दिवसापासून तोच नियम दोघांना लावला. तीन महिन्यांनी फायनान्सने आनंदाने कळवलं की सवलती निम्म्यावर आल्या, शिस्त लागली. मग एक दिवस सर्व्हिसचे प्रमुख विचारत आले, की १४ ग्राहकांकडे आमची माणसं देखभालीला जातात, त्यांची बिलं का निघत नाहीत? झालं असं होतं की विक्रीच्या मुलांनी किंमत पूर्ण लावली होती आणि पहिल्या वर्षाची देखभाल फुकट कबूल केली होती. देखभालीच्या सवलतीला सही लागत नव्हती! सवलत तेवढीच होती, फक्त दिसेनाशी झाली होती, आणि खर्च दुसऱ्याच विभागाच्या नावावर पडत होता.

नवीन मंजुरीची पद्धत मानवली नाही हे ओळखण्याची ही पक्की खूण. उघड बंड कोणी करत नाही. नियंत्रणात असलेला आकडा सुधारतो आणि शेजारचा, ज्याच्याकडे कोणी बघत नाही, तो बिघडतो.

आम्ही तेव्हा लहान कंपनीची खरेदीआधीच्या तिमाहीतली सगळी कोटेशनं काढली. ४० निघाली. ९ मध्ये सवलत ५ टक्क्यांपर्यंत होती, २० मध्ये ५ ते १०, ८ मध्ये १० ते १५, आणि ३ मध्ये त्याहून जास्त. म्हणजे नव्या नियमाप्रमाणे ४० पैकी ३१ कोटेशनं तीन सह्यांच्या रांगेत उभी राहणार होती. हा आकडा फायनान्सने पहिल्यांदाच पाहिला. तोवर त्यांच्या मते नियम “फक्त अपवादांसाठी” होता.

मग मी फायनान्सच्या प्रमुखांना विचारलं, तीन सह्या आल्या कुठून? बराच वेळ टाळून त्यांनी सांगितलं. फार पूर्वी एका मोठ्या ग्राहकाने माल नेला आणि पैसे बुडवले. तिथून सह्या सुरू झाल्या. म्हणजे त्यांची भीती सवलतीची नव्हतीच, उधारीची होती. आणि लहान कंपनी उधारीबद्दल कोणाला विचारतच नव्हती, कारण तिचे पैसे तोवर कधी बुडाले नव्हते. कुठल्याही कंपनीची निर्णयाची सवय खरवडून बघा, खाली बहुतेक वेळा एखादा जुना चटका सापडतो. तो कळला की नियमातलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे बोलता येतं.

शेवटी नियम असा झाला. १० टक्क्यांपर्यंत विक्रीप्रमुख एकटा ठरवेल, त्याच दिवशी नोंद करेल. देखभाल फुकट दिली तर तिची किंमतही सवलतीत धरायची. १० ते १५ साठी फायनान्समधल्या एका नेमक्या माणसाला विचारायचं. त्याचं उत्तर दुसऱ्या कामाच्या दिवशी संध्याकाळपर्यंत आलं नाही तर होकार समजायचा. त्याच्या वर जुन्या तीन सह्या. उधारी मात्र ४५ दिवसांच्या पुढे गेली तर सवलत शून्य असली तरी फायनान्सची संमती लागणारच. जुन्या ४० कोटेशनांवर हा नियम चालवून बघितला: २९ न विचारता सुटली असती, ८ एका प्रश्नाने, आणि ३ पूर्ण वाटेने गेली असती.

“उत्तर नाही म्हणजे होकार” या कलमावर फायनान्स दोन आठवडे अडून बसलं. रजेवर असताना काय? रास्त प्रश्न होता, म्हणून बदली माणसाचं नाव नियमातच लिहिलं. नव्वद दिवसांनी विक्रीप्रमुखाने एकट्याने दिलेल्या सवलती फायनान्सने तपासल्या. “आम्ही ही दिली नसती” अशा दोन निघाल्या. दोनांवरून भांडण करण्यात अर्थ नाही हे त्यांनीच म्हटलं.

तुम्ही हेच करा. दोन्ही कंपन्यांचे गेल्या तीन महिन्यांतले वीस-वीस निर्णय निवडा: सवलत, नवी भरती, पुरवठादार बदलणं, ग्राहकाला तारीख देणं, असे वारंवार येणारे. प्रत्येकापुढे चार गोष्टी लिहा. कोणी सुचवलं, कोण थांबवू शकत होतं, किती दिवस लागले, आणि चुकलं तर मागे घेता येतं का. चौथा रकाना सगळ्यात कामाचा. मागे घेता येणारे निर्णय त्यांच्या पद्धतीने आणि न येणारे तुमच्या पद्धतीने, ही ढोबळ वाटणी बरीच लांब नेते. काही कलमांत तुमच्या ३४० जणांनाही मोकळीक मिळेल. ती जरूर द्या, म्हणजे हे लाड फक्त नव्यांचे आहेत असं वाटणार नाही.

एक गोष्ट या आधी तपासा. खरेदीच्या करारात संस्थापकाला रकमेचा काही भाग पुढच्या एक-दोन वर्षांच्या विक्रीवर किंवा नफ्यावर मिळायचा आहे का? याला अर्न-आउट म्हणतात. तसं असेल तर तुमच्या प्रत्येक उशिरा झालेल्या सहीचे पैसे त्याच्या खिशातून जातात, आणि अशा करारांत ठरावीक काळ कामकाजात ढवळाढवळ न करण्याचं कलमही असू शकतं. मंजुरीची पद्धत बदलण्याआधी ते पान वकिलांसोबत वाचा. पुष्कळ एचआर प्रमुखांना हा करार कोणी दाखवलेलाच नसतो.

आणि एमडींनी खरेदीच्या दिवशी “आपण बरोबरीचे” असं भाषण केलं होतं का, तेही आठवा. १९९८ साली डाइमलर-बेंझ आणि क्रायसलर एकत्र आल्या तेव्हा जगाला सांगितलं गेलं की हे बरोबरीच्यांचं मीलन आहे. दोन वर्षांनी, २००० मध्ये, जर्मन प्रमुख युर्गेन श्रेम्प यांनीच वर्तमानपत्राला मुलाखत देताना कबूल केलं की क्रायसलर हा एक विभाग व्हावा असंच त्यांच्या मनात होतं. २००७ मध्ये क्रायसलरचा ८०.१ टक्के हिस्सा विकून टाकला. बिनसायला इतरही कारणं होती, पण बरोबरीचं आश्वासन देऊन तसं न वागण्याची किंमत तिथे फार मोठी पडली. “तुम्हाला विकत घेतलंय, या पाच गोष्टी आम्ही ठरवू, या बारा तुम्ही” हे ऐकायला कडू असलं तरी माणसं त्यावर उभी राहू शकतात.

आता पदं.

नऊ व्हाइस प्रेसिडेंट ऐकून तुमच्याकडे हसू उसळलं असेल, पण लहान कंपनीत पद सहसा उगाच वाटलेलं नसतं. पगारवाढीला पैसे नव्हते म्हणून एखाद्याला दिलेलं असतं, आणि ग्राहकाकडचा मोठा अधिकारी ‘एक्झिक्युटिव्ह’ला भेटत नाही म्हणूनही. म्हणजे एकाच शब्दात तीन वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या आहेत: पगाराची श्रेणी, निर्णयाचा अधिकार आणि बाहेर दाखवायचं कार्ड. त्या सुट्या करा. आतमध्ये सगळ्यांसाठी एकच स्तर-पद्धत ठेवा, समजा एक ते आठ. पगाराचा पट्टा, मंजुरीची मर्यादा आणि रजा स्तरावर ठरू द्या. कार्डावरचं नाव वेगळं राहू द्या.

स्तर ठरवताना नावं आणि पदं झाकायची. प्रत्येक भूमिकेचं अर्ध्या पानाचं वर्णन घ्या: न विचारता काय ठरवतो, किती पैशांना जबाबदार आहे, किती महिने पुढचा विचार करावा लागतो, आणि तो महिनाभर नसेल तर काय अडतं. हाताखालची माणसं मोजू नका. तो आकडा मोठ्या कंपनीला नेहमीच झुकतं माप देतो. पाच जणांना स्वतंत्रपणे स्तर लिहायला सांगा, दोन इकडचे, दोन तिकडचे आणि एक असा की ज्याचं स्वतःचं पद या यादीत नाही. जिथे दोन स्तरांचा फरक पडेल तिथेच चर्चा करा.

निकाल कसा येईल याचा साधारण अंदाज सांगतो. नऊपैकी दोघं-तिघं खरोखर तुमच्या चार व्हाइस प्रेसिडेंटांच्या स्तरावर निघतील, बाकीचे एक-दोन पायऱ्या खाली. आणि तुमचे काही सीनियर मॅनेजर त्या बाकीच्यांच्या वर निघतील. खरी आग तिथे लागते. तुमचे जुने लोक म्हणतील, आम्ही बारा वर्षं घासली आणि आमच्या खालच्याच्या कार्डावर व्हीपी? त्यांना स्तर आणि पगाराचा पट्टा उघड दाखवता आला पाहिजे. तो दाखवायची तुमच्या कंपनीची तयारी नसेल, तर दुहेरी पद्धत चालणार नाही हे आत्ताच सांगून ठेवतो.

नऊ जणांची कार्डं तशीच राहू द्या, पण तारीख घालून. अठरा महिने, किंवा भूमिका बदलेपर्यंत, जे आधी येईल ते. नवीन कोणाला तसं पद द्यायचं नाही. तारीख नसेल तर ही तात्पुरती सोय कायमची होते. एका ठिकाणी सात वर्षांनीही ती चालू असलेली मी पाहिली आहे. ज्याचा पगार पट्ट्याच्या वर जातो त्याचा कापू नका, वाढ सावकाश करा. आणि प्रत्येकाला त्याचा स्तर त्याच्या साहेबाने समोर बसून सांगायचा, यादी बाहेर पडण्याआधी. अशा याद्या फुटतात. फायलीवर पासवर्ड असला तरी.

कायद्याचं एक वाक्य. तुम्ही कंपनीचे शेअर घेतले असतील तर त्या ७० जणांची कंपनी कायद्याने तीच राहते आणि त्यांचे नेमणुकीचे करार जसेच्या तसे चालू असतात. धंदा किंवा मालमत्ता घेतली असेल तर चित्र वेगळं असतं. करारात पद आणि कामाची वेळ लिहिलेली असेल, तर एमडींच्या परिपत्रकाने ती बदलतीलच असं नाही. हे वकिलांना लेखी विचारा.

वेळांचं सगळ्यात शेवटी, आणि थोडक्यात, कारण वेळा एकसारख्या करायची बहुतेक गरजच नसते. आधी फक्त एवढं शोधा की अकरा ते आठ ही वेळ आली कशी. त्यांचे ग्राहक दुसऱ्या टाइम झोनमध्ये असतील तर साडेआठला बोलावून तुम्ही त्यांना रिकामं बसवाल, आणि ग्राहक जागा होईल तेव्हा ती माणसं घरी गेलेली असतील. नुसती सवय असेल तर ती थोडी सरकवता येते.

खरा त्रास वेगळा आहे. त्यांच्याकडचं “उभ्या उभ्या ठरणं” दिवसाच्या कुठल्या तासाला होतं ते बघा. बऱ्याचदा ते संध्याकाळी सहा-सातला होतं, फोन शांत झाल्यावर. तोवर तुमचे लोक पंच करून गेलेले असतात आणि सकाळी येऊन कळतं की काल रात्री ठरलं. तुमचं उलट: नऊची आढावा बैठक होऊन जाते आणि अकराला येणाऱ्याला तिचा वृत्तांत हातात पडतो. मग ते ‘आळशी’ ठरतात आणि हे ‘घड्याळ बघून उठणारे’. म्हणजे वेळेचं भांडण पुन्हा निर्णयाचंच निघालं. साडेअकरा ते साडेचार ही सगळ्यांची सामाईक वेळ ठरवा, आणि दोन्ही कंपन्यांना लागू होणारी कुठलीही गोष्ट त्याबाहेर ठरवायची नाही असा नियम करा. चर्चा रात्री दहालाही करा, “ठरलं” हा शब्द मात्र त्या पाच तासांतच. नऊची आढावा बैठक बाराला न्या. एमडींना हे सर्वांत जड जाईल, कारण बहुधा ती त्यांचीच बैठक असते.

पंचिंग त्यांना सध्या लावू नका. पण एकाच टीममध्ये, एकाच मजल्यावर बसणाऱ्या दोघांपैकी एकाने पंच करायचं आणि दुसऱ्याने नाही, हे फार दिवस टिकणार नाही. टीम मिसळायला लागल्या की तो प्रश्न पुन्हा येईल आणि तेव्हा कदाचित तुमचंच पंचिंग जाईल, याची एमडींना आधी कल्पना द्या.

१ तारखेला एकसारखं करायला हरकत नाही असंही काही आहे: हिशेबाची पद्धत, डेटाची सुरक्षितता, लैंगिक छळाची तक्रार कुठे करायची, पगाराची तारीख. यांत सवयीचा प्रश्न नाही, तिथे वेळ घालवू नका.

म्हणून एमडींकडे जाताना परिपत्रकाचा मसुदा एकाच पानाचा न्या. वर या चार गोष्टी, खाली फक्त सामाईक वेळ. पदांचा उल्लेखही नको. मंजुरीच्या जागी लिहा की चाळीस निर्णयांचा तक्ता सहा आठवड्यांत येईल आणि तोवर दोन्ही कंपन्यांच्या जुन्या मर्यादा चालू राहतील. ते चिडतील. तेव्हा त्यांच्यासमोर फक्त एक कागद ठेवा: नव्या नियमाने त्यांच्या स्वतःच्या टेबलावर दर आठवड्याला किती टिपणं सहीसाठी येतील याची मोजणी. ती मात्र अंदाजाने करू नका, त्या कंपनीची गेल्या तिमाहीची कागदपत्रं काढून मोजा.